डेटाशीटमधल्या दोन आकड्यांवरून रोबोच्या चाकाची मोटर कशी निवडायची

मोटर घ्यायला दुकानात गेलं की काउंटरवरून दोनच प्रश्न येतात: किती आरपीएम, आणि किती केजी? मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, भाषा हीच. 'केजी' म्हणजे किलो-सेंटिमीटर, अर्थात टॉर्क. या दोन आकड्यांवर मोटर घेणारे बरेच असतात आणि त्यातल्या काहींचे रोबो चालतातही. अडचण अशी, की दुकानात सांगितलेला आरपीएम हा चाकावर काहीच भार नसतानाचा असतो आणि केजी हा चाक पूर्ण अडकलेलं असतानाचा. आपला रोबो या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी चालणार असतो आणि तिथे काय होतं हे दोन्ही आकडे सांगत नाहीत.

ते सांगतात डेटाशीटमधले टॉर्क कॉन्स्टंट आणि स्पीड कॉन्स्टंट. सोबत वाइंडिंगचा रेझिस्टन्स घेतला की ब्रश असलेल्या छोट्या डीसी मोटरचा जवळजवळ सगळा हिशेब कागदावर होतो. खाली एक रोबो घेऊन तो हिशेब सुरुवातीपासून करू. रोबोचं वजन ६ किलो, दोन चालती चाकं, मागे एक कॅस्टर, म्हणजे कुठल्याही दिशेला मोकळं वळणारं आधाराचं चाक. चाकाचा व्यास १०० मिलिमीटर. सपाट जमिनीवर सेकंदाला ०.८ मीटर वेग हवा आणि १० अंशांचा चढ त्याच वेगाने चढता यायला हवा. बॅटरी तीन सेलची लिथियम-आयन: भरलेली १२.६ व्होल्ट, आणि उतरल्यावर ९.९ व्होल्टला आपण थांबायचं.

दोन कॉन्स्टंट, खरं तर एकच

टॉर्क कॉन्स्टंट सांगतो, की वाइंडिंगमधून एक अँपिअर गेला तर किती टॉर्क तयार होतो. मॅक्सन किंवा फाउलहाबरच्या डेटाशीटवर तो kM या नावाने, mNm/A मध्ये, म्हणजे मिलिन्यूटन-मीटर प्रति अँपिअर असा छापलेला सापडेल. स्पीड कॉन्स्टंट kn हा rpm/V मध्ये असतो, पण त्याचा अर्थ लावताना हमखास गफलत होते. तो मोटरला दिलेल्या व्होल्टेजवर लागू होत नाही. दिलेल्या व्होल्टेजमधून वाइंडिंगच्या रेझिस्टन्सवर जे व्होल्ट खर्च होतात ते वजा करून उरतात त्यावर, म्हणजे बॅक ईएमएफवर, तो लागू होतो. भार वाढला की करंट वाढतो, रेझिस्टन्सवर जास्त व्होल्ट जातात आणि वेग पडतो. मोटरचं सगळं वागणं या दोन ओळींत मावतं:

```
M = kM × (I − I0)
n = kn × (V − I × R)
```

इथे M म्हणजे टॉर्क, n म्हणजे वेग, V म्हणजे मोटरला दिलेले व्होल्ट, I म्हणजे करंट आणि R म्हणजे रेझिस्टन्स. I0 म्हणजे नो-लोड करंट, मोटरच्या स्वतःच्या घर्षणावर खर्च होणारा.

आता हे दोन कॉन्स्टंट एकमेकांपासून वेगळे नाहीत. मोटरच्या आत बॅक ईएमएफ गुणिले करंट एवढी विद्युत शक्ती जाते आणि टॉर्क गुणिले कोनीय वेग एवढी यांत्रिक शक्ती तयार होते. या दोन्ही सारख्याच असाव्या लागतात. त्यामुळे मूळ एककांत एका रेडियन प्रति सेकंदाला किती व्होल्ट आणि एका अँपिअरला किती न्यूटन-मीटर, हे दोन आकडे तंतोतंत एकच येतात. डेटाशीटच्या एककांत तेच असं दिसतं:

```
kM × kn = 30000 / π ≈ 9549
```

नवी डेटाशीट हातात आली की सगळ्यात आधी हा गुणाकार करून बघा. उत्तर ९५४९ च्या जवळ नसेल तर एकक वेगळं आहे, छपाईची चूक आहे, किंवा आकडे गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टचे आहेत. शेवटच्या बाबतीत गुणाकार ९५४९ पेक्षा कमी येतो, कारण वेग गिअरच्या प्रमाणात घटतो पण टॉर्क तेवढ्याच प्रमाणात वाढत नाही. मधला काही टॉर्क गिअरचे दात खातात. म्हणजे गुणाकार किती कमी आला यावरून गिअरबॉक्सची कार्यक्षमताही फुकटात कळते.

आपल्या उदाहरणासाठी २५ मिलिमीटर व्यासाची एक मोटर धरू. आकडे मी हिशेबाला सोयीचे घेतले आहेत, पण या आकाराच्या मोटरला शोभतील असेच आहेत: नॉमिनल व्होल्टेज १२, रेझिस्टन्स २.२ ओहम, kM १४ mNm/A, kn ६८२ rpm/V, नो-लोड करंट ०.०६ अँपिअर, सतत चालणारा कमाल करंट १.२ अँपिअर. १४ गुणिले ६८२ म्हणजे ९५४८. ठीक आहे.

आधी रोबोला काय लागतं ते ठरवा

मोटरची यादी उघडण्याआधी चाकावरची मागणी काढायची. वेग सोपा आहे. १०० मिलिमीटरच्या चाकाचा परीघ ०.३१४ मीटर, त्यामुळे सेकंदाला ०.८ मीटरसाठी चाक मिनिटाला १५३ फेरे फिरलं पाहिजे.

टॉर्कसाठी तीन बलांची बेरीज करायची. पहिलं, चाक लोळताना होणारा विरोध. रबरी टायर, बऱ्यापैकी फरशी किंवा पातळ सतरंजी धरून मी वजनाच्या तीन टक्के घेतो: ५९ न्यूटनच्या तीन टक्के म्हणजे १.८ न्यूटन. दुसरं, चढ. १० अंशांच्या साइनने वजनाला गुणलं की १०.२ न्यूटन. तिसरं, वेग पकडायला लागणारं बल. सेकंदाला १ मीटर प्रति सेकंद एवढा वेग वाढायला हवा असेल तर ६ किलोसाठी ६ न्यूटन.

आता यातून तीन प्रसंग तयार होतात. सपाटीवर एका वेगाने जाताना फक्त १.८ न्यूटन लागतात. दोन चाकांत वाटून, ०.०५ मीटर त्रिज्येने गुणून दर चाकाला ०.०४५ न्यूटन-मीटर. चढावर एका वेगाने जाताना १२ न्यूटन, म्हणजे दर चाकाला ०.३ न्यूटन-मीटर. चढावर थांबून पुन्हा निघायचं असेल तर १८ न्यूटन, दर चाकाला ०.४५. पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यात जवळपास सातपट फरक आहे. मोटर ठरवतो तो चढ, टॉप स्पीड नव्हे. म्हणूनच 'चढ किती आणि किती वेळ' हे आधी नक्की न करता मोटर घेणं व्यर्थ आहे.

इथे टायरची पकडही तपासून घ्या. चालत्या चाकांवर वजनाचा सत्तर टक्के भार आणि घर्षणांक ०.६ धरला तर चाकं साधारण २५ न्यूटनपर्यंत ढकलू शकतात, त्यापुढे घसरतात. आपली मागणी १८ आहे, म्हणजे जमतंय. मागणी २५ च्या वर गेली असती तर कितीही मोठी मोटर लावून उपयोग नव्हता. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर मोटरला याहून फार जास्त टॉर्क देता येत असेल, तर ते पैसे आणि वजन वाया.

चार चाकं जागच्या जागी घासत वळणारा रोबो असेल तर मात्र हा हिशेब पुरणार नाही. वळताना टायर आडवे घासतात आणि ती मागणी चढापेक्षाही मोठी होऊ शकते. आपल्या रोबोला कॅस्टर आहे, तेव्हा तो प्रश्न सोडून देऊ.

गिअर: एकीकडे करंट, दुसरीकडे व्होल्ट

चाकाला ०.३ न्यूटन-मीटर, म्हणजे ३०० मिलिन्यूटन-मीटर हवेत. मोटर एका अँपिअरला १४ देते. थेट चाक जोडायचं तर २१ अँपिअर लागतील, आणि ही मोटर १२ व्होल्टवर अडकवून ठेवली तरी साडेपाच अँपिअरच्या वर घेत नाही. गिअर लागणारच. प्रश्न एवढाच, की किती.

गिअर वाढवला की मोटरवरचा टॉर्क कमी होतो, म्हणजे करंट कमी. पण मोटरला जास्त फिरावं लागतं, म्हणजे व्होल्ट जास्त. या दोन भिंतींच्या मधली जागा शोधायची. दोन-तीन टप्प्यांच्या प्लॅनेटरी गिअरबॉक्सची कार्यक्षमता मी ७५ टक्के धरतो. आणि व्होल्टची भिंत उतरलेल्या बॅटरीवरून ठरवतो, १२ व्होल्टवरून नाही: ९.९ मधून ड्रायव्हर आणि वायरिंगचे ०.४ वजा करून ९.५ व्होल्ट.

चढाचा प्रसंग घेऊन ३० पट गिअरसाठी करून बघू.

```
मोटरवरचा टॉर्क : 300 / (30 × 0.75) = 13.3 mNm
करंट           : 13.3 / 14 + 0.06   = 1.01 A
मोटरचा वेग      : 153 × 30           = 4590 rpm
बॅक ईएमएफ      : 4590 / 682         = 6.73 V
लागणारे व्होल्ट  : 6.73 + 1.01 × 2.2  = 8.95 V
```

करंट १.०१, मर्यादा १.२. व्होल्ट ८.९५, उपलब्ध ९.५. दोन्हीकडे थोडी जागा आहे.

आता २० पट लावून बघा. टॉर्क २० मिलिन्यूटन-मीटर, करंट १.४९ अँपिअर, व्होल्ट ७.८. व्होल्टला काहीच अडचण नाही, पण करंट मर्यादेच्या वर गेला. वाइंडिंगमध्ये होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे ३० पटला जिथे २.२ वॉट होती तिथे आता ४.९ वॉट. चढ पाच सेकंदांचा असेल तर चालून जाईल; लांब रॅम्प असेल तर मोटर जळेल. उलट ४० पट लावला तर करंट ०.७७ वर येतो, मोटर थंड राहते, पण १०.७ व्होल्ट लागतात आणि उतरलेल्या बॅटरीत ते नाहीत. रोबो चढेल, पण हळू.

म्हणून ३०. कॅटलॉगमध्ये नेमकं ३० सापडेलच असं नाही. दातांच्या संख्येमुळे प्रमाणं अडनिडी असतात. २८ ते ३३ मधलं जे असेल ते घेऊन वरच्या पाच ओळी पुन्हा करा.

चढावर थांबून निघायचा प्रसंग याच गिअरवर तपासला तर मोटरवर २० मिलिन्यूटन-मीटर येतात आणि करंट १.४९ होतो. तो सेकंदभरापुरता असतो, त्यामुळे उष्णतेचा प्रश्न नाही. पूर्ण वेगाला पोचेपर्यंत हाच जोर टिकवायचा तर १० व्होल्ट लागतील, जे नाहीत. म्हणजे उतरलेल्या बॅटरीवर शेवटच्या टप्प्यात वेग जरा रेंगाळत वाढेल. मला हे चालतं. एक बारीक गोष्ट मात्र या हिशेबात धरलेली नाही: मोटरचा रोटरही फिरवावा लागतो आणि गिअरमुळे त्याचं जडत्व गिअरच्या वर्गाने वाढून चाकावर येतं. या आकाराच्या रोटरचं जडत्व १० g·cm² असेल तर ३० पट गिअरनंतर दोन्ही मोटर मिळून रोबोचं वजन पाऊण किलोने वाढल्यासारखं वाटतं. सहा किलोत पाऊण किलो, म्हणजे वेग पकडण्याच्या बलात बारा टक्के. ३० ला हे खपून जातं. १०० पट गिअर लावणाऱ्यांनी मात्र हे आधी मोजावं.

गिअरबॉक्सची स्वतःची डेटाशीट वेगळी असते. तिच्यात सतत चालणारा टॉर्क आणि आत येणारा कमाल वेग हे दोन आकडे बघा. आपल्याला ०.४५ न्यूटन-मीटर आणि भरलेल्या बॅटरीवर, भार नसताना, आठ हजारांच्या वर फेरे पेलणारा हवा.

टॉर्क कॉन्स्टंट मोठा म्हणजे मोटर ताकदवान नव्हे

एकाच मोटरच्या डेटाशीटवर बहुतेक वेळा अनेक रकाने असतात. बाहेरचं माप तेच, चुंबक तेच, फक्त वाइंडिंग वेगवेगळं. वरची मोटर २४ व्होल्टच्या रकान्यात पाहिली तर kM २८ दिसेल, kn ३४१ आणि रेझिस्टन्स ८.८ ओहम. दुप्पट टॉर्क कॉन्स्टंट बघून हात तिकडे वळतो. पण तोच चढ, तोच ३० पट गिअर घेऊन मोजा: करंट अर्धा, ०.५१ अँपिअर, व्होल्ट मात्र १७.९. आपल्या बॅटरीवर हा रोबो चढावर रखडेल.

६ व्होल्टचा रकाना घेतला तर उलटं. kM ७, kn १३६४, रेझिस्टन्स ०.५५ ओहम. चढाला ४.५ व्होल्ट पुरतात, पण करंट दोन अँपिअर. पीडब्ल्यूएमने, म्हणजे व्होल्टेज झपाट्याने चालू-बंद करून, ते सरासरी अर्ध्यावर आणून ही मोटर आपल्या बॅटरीवर चालवता येते, पण चाक अडकलं आणि ड्रायव्हरने भरलेल्या बॅटरीचे पूर्ण १२.६ व्होल्ट दिले, तर २३ अँपिअरची मागणी होईल. आपल्या मूळ मोटरला हा आकडा ५.७ आहे. ड्रायव्हर कोणत्या किमतीचा लागेल हे इथेच ठरलं.

तिन्ही वाइंडिंगमध्ये चढावर होणारी उष्णता एकच आहे, २.२ वॉट. शंभराची एक नोट किंवा पन्नासच्या दोन, एवढाच फरक. मोटरची खरी ताकद kM वरून कळत नाही; ती kM च्या वर्गाला रेझिस्टन्सने भागून कळते. तिन्ही रकान्यांत हे उत्तर ८९ येतं, करून बघा. डेटाशीटवर हीच गोष्ट उलटी करून छापलेली असते, rpm/mNm मध्ये, म्हणजे टॉर्क एका मिलिन्यूटन-मीटरने वाढला तर वेग किती फेऱ्यांनी पडतो:

```
Δn/ΔM = 9549 × R / kM² = 9549 × 2.2 / 14² ≈ 107 rpm/mNm
```

दोन वेगवेगळ्या मोटरची तुलना करायची असेल तर हा एक आकडा बघा. जेवढा लहान, तेवढी भाराखाली मोटर घट्ट. तो सगळ्या वाइंडिंगला जवळपास सारखा असतो, कारण तो मोटरच्या आकाराचा आणि चुंबकाचा गुण आहे. म्हणून निवडीचा क्रम माझ्या मते असा असावा: आधी या आकड्यावरून आणि सततच्या टॉर्कवरून मोटरचा आकार, मग गिअर, आणि सगळ्यात शेवटी बॅटरीला जुळणारं वाइंडिंग. बहुतेक लोक वाइंडिंगपासून सुरुवात करतात आणि मग बॅटरी बदलत बसतात.

ड्रायव्हर किती व्होल्ट खातो

वर मी ड्रायव्हर आणि वायरसाठी ०.४ व्होल्ट धरले, ते चांगल्या मॉसफेट ड्रायव्हरला लागू आहेत. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये जो लाल बोर्डावरचा L298N सर्रास वापरला जातो, त्यात आत बायपोलर ट्रान्झिस्टर आहेत. त्याच्या डेटाशीटनुसार एका अँपिअरला दोन्ही बाजू मिळून १.८ ते ३.२ व्होल्ट त्यातच जातात. मधला अडीचचा आकडा धरा. ९.९ मधून मोटरला ७.४ मिळाले, त्यातले २.२ रेझिस्टन्सवर गेले, बॅक ईएमएफला ५.२ उरले. ६८२ ने गुणून ३० ने भागलं की चाक ११८ आरपीएम, म्हणजे रोबो सेकंदाला ०.८ ऐवजी ०.६२ मीटर. मोटर तीच, बॅटरी तीच, चढ तोच. 'मोटर कमी पडते' म्हणून मोठी मोटर घेण्याआधी मोटरच्या टर्मिनलवर, रोबो चढावर असताना, मल्टिमीटर लावून बघावं ते यासाठीच.

ड्रायव्हरची करंट मर्यादा ठरवताना स्टॉल करंट बघतात, ते बरोबर. पण सगळ्यात वाईट क्षण तो नसतो. रोबो पूर्ण वेगात असताना एकदम उलटा फिरवला तर बॅटरीचे १२.६ व्होल्ट आणि बॅक ईएमएफचे ६.७ एकाच दिशेने लागतात. बेरीज १९.३, भागिले २.२ ओहम, म्हणजे ८.८ अँपिअर. स्टॉलच्या दीडपट. ड्रायव्हर नेमका अशाच वेळी जातो आणि मग लोक म्हणतात, की चाक तर अडकलंही नव्हतं. प्रोग्रॅममध्ये दिशा बदलताना वेग उतरवत नेला तर हा प्रश्न येत नाही.

गरम मोटर ही वेगळी मोटर असते

डेटाशीटवरचे आकडे २५ अंश सेल्सिअसचे असतात. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.३९ टक्क्यांनी वाढतो. वाइंडिंग ८५ अंशांवर गेलं तर २.२ चे २.७ ओहम होतात. चुंबकही गरम झाल्यावर कमजोर होतं: फेराइट असेल तर दर अंशाला सुमारे ०.२ टक्के, निओडिमियम असेल तर साधारण ०.१. फेराइट चुंबक ४० अंशांनी तापलं तर kM १४ वरून १२.९ वर येतो. आणि दोघांचा गुणाकार ९५४९ च राहायला हवा, म्हणून kn वाढून ७४० होतो. गरम मोटर भार नसताना किंचित जास्त पळते ती यामुळे.

या आकड्यांनी चढाचा हिशेब पुन्हा केला तर गंमत दिसते. करंट १.०९ झाला, व्होल्ट ९.१५ लागले. वेगाच्या दृष्टीने फारसं बिघडलं नाही, ९.५ च्या आतच आहोत. पण उष्णता २.२ वॉटवरून ३.२ वर गेली. तापल्यामुळे करंट आणि रेझिस्टन्स वाढतात, त्यामुळे मोटर आणखी तापते. कागदावर थंड मोटरचा करंट मर्यादेच्या अगदी काठावर असेल तर प्रत्यक्षात ती मर्यादेच्या बाहेर असते.

शिवाय १.२ अँपिअरची मर्यादाही २५ अंशांच्या खोलीतली आहे. समजा वाइंडिंगची कमाल मर्यादा १०० अंश आहे. खोलीत ७५ अंश चढायला जागा होती. मे महिन्यात नागपूरला ४५ अंशांत फक्त ५५ उरते. उष्णता करंटच्या वर्गावर अवलंबून असल्याने मर्यादा ५५ भागिले ७५ च्या वर्गमुळाने, म्हणजे ०.८६ ने घटते. १.२ चे १.०३ झाले. आपली मागणी तापल्यावर १.०९ होती. म्हणजे नागपूरच्या उन्हात हा रोबो चढ चढेल, पण दिवसभर चढ-उतार करत राहणार असेल तर एक माप मोठी मोटर घ्यावी. घरात अधूनमधून उंबरठ्याची फळी चढणार असेल तर हीच मोटर पुष्कळ आहे.

कॉन्स्टंट छापलेलेच नसतील तर

स्वस्त गिअर मोटरच्या पानावर बहुधा एवढंच असतं: १२ व्होल्ट, नो-लोड २०० आरपीएम आणि ०.२ अँपिअर, स्टॉल करंट ५ अँपिअर, स्टॉल टॉर्क १८ किलो-सेंटिमीटर, गिअर १:५०. यातूनही कॉन्स्टंट निघतात. अडकलेल्या मोटरमध्ये बॅक ईएमएफ नसतो, म्हणून १२ भागिले ५, रेझिस्टन्स २.४ ओहम. नो-लोडला रेझिस्टन्सवर ०.४८ व्होल्ट जातात, उरले ११.५२. मोटर आत २०० गुणिले ५० म्हणजे दहा हजार फेरे फिरते, म्हणून kn ८६८. आणि ९५४९ ला ८६८ ने भागून kM ११.

टॉर्कच्या आकड्यावरून सुरुवात न करता वेगावरून केली, हे मुद्दाम. वेग कुणालाही मोजता येतो. स्टॉल टॉर्कचा आकडा अनेकदा अंदाजाने लिहिलेला असतो. आता तो तपासता येतो. ११ गुणिले ४.८ अँपिअर म्हणजे मोटरचे ५३ मिलिन्यूटन-मीटर. ५० पट करून, गिअरमध्ये काहीच वाया गेलं नाही असं धरून २.६४ न्यूटन-मीटर, म्हणजे २७ किलो-सेंटिमीटर. एक किलो-सेंटिमीटर म्हणजे ९८ मिलिन्यूटन-मीटर, हे लक्षात ठेवा. पानावर १८ लिहिलंय, म्हणजे गिअरबॉक्स ६७ टक्के. पटण्यासारखं आहे. तिथे ४० लिहिलेलं असतं तर बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवला नसता.

हातात मोटर असेल तर मोजूनच घ्या. नो-लोडला व्होल्टेज, करंट आणि टॅकोमीटरने फेरे, हे तीन आकडे सोपे आहेत. रेझिस्टन्ससाठी मल्टिमीटरची ओहम बटणाची रेंज वापरू नका. एवढ्या कमी करंटवर ब्रश आणि कम्युटेटरमधला संपर्क नीट होत नाही आणि शाफ्ट जरा फिरवला की आकडा बदलतो. त्याऐवजी शाफ्ट धरून ठेवा, करंट मर्यादा लावलेल्या पॉवर सप्लायमधून अर्धा-एक अँपिअर क्षणभर सोडा आणि टर्मिनलवरचे व्होल्ट भागिले करंट करा. शाफ्ट थोडा थोडा फिरवत चार-पाच जागी असं करून सरासरी घ्या. मोटर गिअरबॉक्ससकट असेल तर बाहेरचा शाफ्ट पक्कडीत पकडताना जपून; अर्ध्या अँपिअरलाही गिअरनंतरचा टॉर्क मनगट पिरगाळण्याइतका असू शकतो.

रोबो उभा राहिल्यावर

टॉर्क कॉन्स्टंटचा दुसरा उपयोग आता सुरू होतो. मोटरचा करंट मोजला की टॉर्क कळतो, वेगळा सेन्सर लागत नाही. करंट मात्र मोटरच्या वायरवर मोजायचा, बॅटरीच्या नाही. पीडब्ल्यूएम ६० टक्के असेल तर मोटरमध्ये १ अँपिअर फिरत असतानाही बॅटरीतून साधारण ०.६ च जातो, आणि तो आकडा kM ने गुणला तर टॉर्क उगाच कमी दिसेल.

रोबो १० अंशांच्या फळीवर एका वेगाने चढवा. दर मोटरला १ अँपिअरच्या आसपास दिसला तर हिशेब जुळला. दोन्हीकडे १.४-१.५ दिसत असेल तर गिअरबॉक्सची कार्यक्षमता आपण धरली त्यापेक्षा कमी आहे किंवा टायर फार मऊ आहेत. कोणतं, ते ओळखायला रोबो उचलून चाकं हवेत फिरवा. आपल्या मोटरचा नो-लोड ०.०६ आहे, गिअरबॉक्ससकट ०.१ ते ०.१५ दिसला तर ठीक, ०.४ दिसला तर दोष गिअरमध्ये किंवा चाकाच्या बसवणीत आहे. एकाच बाजूला जास्त दिसत असेल तर हबचा ग्रबस्क्रू सैल करून चाक एखाद-दोन मिलिमीटर बाहेर सरकवा. चाक गिअरबॉक्सच्या तोंडाला घासत असतं, हे या जागी सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण आहे.